घास छातीत अडकतो, एंडोस्कोपीत गाठ नाही, तरी बेरियम कशाला?

मलप्रभाकाठची (खानापूर)

आईबद्दल विचारायचं आहे. वय ५२. तंबाखू, मिस्री काही नाही, शुगर-बीपी नाही. गेल्या वर्षी गणपतीच्या आसपास भाकरीचा घास छातीत थांबतोय म्हणायला लागली. बोट ठेवून दाखवते ती जागा छातीच्या हाडाच्या अगदी खालच्या टोकाला. मग उठून उभी राहायची, खांदे मागे टाकायची, वर तांब्याभर पाणी प्यायची, की कसंबसं उतरायचं. गावातल्या डॉक्टरांनी पित्त म्हणून सकाळी उपाशीपोटी घ्यायच्या गोळ्या दिल्या. त्या वर्षभर चालू आहेत. जळजळ थोडी कमी झाली, पण अडकणं काही थांबलं नाही. आता भातसुद्धा अडकतो. आणि मधूनमधून नुसतं पाणीही.

रात्री आडवी झाली की खाल्लेलं परत तोंडात येतं. आंबट नाही, कडू नाही, जेवलेला भात जसाच्या तसा. त्यानंतर खोकल्याची उबळ येते. वजन ५८ किलोवरून ४९ वर आलंय.

बेळगावात पोटाच्या डॉक्टरांना दाखवलं, एंडोस्कोपी झाली. रिपोर्टमध्ये आहे की अन्ननलिकेत थोडं पाणी आणि अन्न साठलेलं, गाठ किंवा जखम नाही, खालच्या तोंडाशी जरा अडथळा लागला पण दुर्बीण पोटात गेली. आता त्यांनी बेरियम स्वॅलो, म्हणजे बेरियम पाजून एक्स-रे, लिहून दिलाय. भाऊ म्हणतो, आत कॅमेरा घालून बघितलं, मग बाहेरून एक्स-रे काढून वेगळं काय दिसणार? पैसे उकळायचे धंदे. आई वेगळ्याच कारणानं घाबरलीय, बेरियम विषारी असतं असं तिला कुणी तरी सांगितलंय. कुणाला अनुभव असेल तर सांगा.

निपाणीकर_अण्णा

ताई, घाबरवायला लिहीत नाही, पण घास अडकणं हलक्यात घेऊ नका. आमचे वडील तंबाखूच्या वखारीत कामाला होते, स्वतःही खायचे. आधी भाकरी अडकायला लागली. दोनेक महिन्यांत मऊ भात जाईना. मग पेज, मग दूधसुद्धा घोट-घोट. आम्ही पित्ताचं औषध देत बसलो आणि शेवटी निघाली गाठ. निपाणीत अशी घरं किती दाखवू? घास अडकला म्हणजे गाठच, असं आमच्याकडची माणसं आता धरूनच चालतात. बेरियम-बिरियम सोडा, परत एंडोस्कोपी करा, सीटी स्कॅन करा, मोठ्या ठिकाणी न्या.

हिंडलग्याचा_पोरगा

माझी बेरियम टेस्ट झालीय. सकाळी ८ ला गेलो आणि दुपारी सोडलं. दर अर्ध्या तासानं एक फोटो. डब्बा घेऊन जा, नातेवाइकाला एक दिवस सुट्टी टाकायला लावा. पोटात गुडगुड होते बाकी काही नाही.

शहापूर_गल्ली

आईंना कुणी खोटं सांगितलेलं नाही. उंदराच्या औषधात बेरियम असायचं, हे मी शाळेत वाचलंय. डॉक्टरला विचारून घ्या बाबा, किती पाजणार ते.

डॉ_कृष्णाकाठ (अथणी)

मी फिजिशियन आहे, पोटविकारतज्ज्ञ नाही, पण असे पेशंट बघतो.

अण्णा, तुमच्या वडिलांचं जे झालं त्यात एक क्रम होता आणि तो तुम्ही बरोबर लिहिलाय. आधी भाकरी, मग मऊ भात, मग पातळ. नळी आतून हळूहळू बारीक होत गेली की असंच होतं. मोठा, कोरडा घास आधी अडतो, पाणी सगळ्यात शेवटी. कारण गाठ असेल, नाही तर जुन्या आम्लानं पडलेला व्रण असेल, किंवा कुणी संडास साफ करायचं अॅसिड प्यालं असेल. तंबाखू खाणारा, पन्नाशीपुढचा माणूस हा क्रम सांगत असेल तर गाठ नाही हे सिद्ध होईपर्यंत गाठ समजूनच धावायचं. इथवर तुमच्याशी सहमत.

पण ताईंनी लिहिलेलं परत वाचा. ठरावीक टप्प्यानं पाणी शेवटी अडायला लागलं असं नाही. मधूनमधून पाणीही अडतं. आणि रात्री परत येतं ते आंबट नाही. म्हणजे ते पोटापर्यंत पोचलेलंच नव्हतं, पोटातून आलं असतं तर आम्ल मिसळलेलं असतं. जेवण छातीतच तासन्‌तास साठून राहतंय. अशा वेळी नळीचा व्यास नाही, नळीचं काम बिघडलंय का, हे बघायला लागतं. त्या आजाराला आम्ही अकलेशिया म्हणतो.

अन्ननलिका म्हणजे काही नुसता पाइप नाही. घास गिळला की वरून खाली एक लाट जाते आणि ती पोचायच्या आधी खालची झडप सैल होते. झडपेला सैल व्हायला सांगणाऱ्या, नळीच्या भिंतीतल्या मज्जापेशी या आजारात मरत जातात. का मरतात ते नीटसं कळलेलं नाही, शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती उलटते असा कयास आहे. लाट बंद पडते, झडप आवळलेली राहते. मग अन्न खाली जातं ते वर साठलेल्या पाण्याच्या वजनानं. म्हणून आई उभ्या राहतात, खांदे मागे टाकतात, वर पाणी पितात. त्यांना कुणी शिकवलेलं नाही, शरीरानंच ती युक्ती काढलीय.

भावाला सांगा, हे दार कुलूप लावलेलं नाही, आतून कुणी तरी धरून ठेवलंय. दुर्बिणीनं ढकललं की उघडतं, म्हणून एंडोस्कोपीवाल्याला ‘जरा अडथळा’ एवढंच लागतं. सुरुवातीच्या काळात तर तेवढंही लागत नाही आणि रिपोर्ट चक्क नॉर्मल येतो. गिळताना काय होतं हे एंडोस्कोपीत दिसत नाही, कारण पेशंट तेव्हा काही गिळतच नसतो.

निपाणीकर_अण्णा

डॉक्टरसाहेब, पण एंडोस्कोपीत गाठ दिसली नाही म्हणजे नाहीच, असं तुम्ही लिहून देताय का?

डॉ_कृष्णाकाठ

नाही देत. झडपेच्या जवळ, भिंतीच्या आत वाढणारी गाठ कधी कधी हुबेहूब अकलेशियासारखी वागते आणि वरून अस्तर चांगलं दिसतं. वय साठीच्या पुढे, त्रास सुरू होऊन काहीच महिने झालेले आणि वजन झपाट्यानं घसरलेलं, अशा पेशंटमध्ये आम्ही ती मुद्दाम शोधतो, सीटी किंवा दुर्बिणीतून सोनोग्राफी करतो. या आईंचं वय ५२, त्रास वर्षाहून जास्त. संशय कमी आहे, शून्य नाही. ९ किलो वजन गेलंय ते मला आवडलेलं नाही. बेरियमचा फोटो त्या दृष्टीनंही बघायला लागेल.

अथणीची_वहिनी

माझं सांगते. मलाही भाकरी अडकायची, पण छातीत नव्हे, इथं गळ्यात, कंठाच्या खाली. पाणी कधीच अडलं नाही. सगळ्यांनी टेन्शन, टेन्शन म्हणून सोडून दिलं. नखं चपटी होऊन चमच्यासारखी झालेली, जिभेला आग, पायऱ्या चढताना धाप. एका डॉक्टरीण बाईंनी हिमोग्लोबिन काढलं, ते ६ आलं. बेरियममध्ये गळ्याजवळ पडद्यासारखी एक बारीक पट्टी दिसली, ती पण बाजूनं काढलेल्या फोटोत. रक्त कमी असल्यामुळं होते म्हणाले. लोहाच्या गोळ्या चालू केल्या, एकदा नळीनं ती पट्टी ताणून मोकळी केली. आता ज्वारीची भाकरी खाते. ताई, आईंचं रक्त तपासा आधी. आमच्याकडं बायका स्वतःच्या रक्ताकडं बघतच नाहीत.

डॉ_कृष्णाकाठ

वहिनींची केस खरी आहे आणि बायकांमध्ये सापडते. लोहाची कमतरता आणि गळ्यातला पडदा. फक्त जागा बघा. वहिनींना कंठाखाली, आईंना छातीच्या खालच्या टोकाला. पेशंट बोट ठेवतो तिथंच अडथळा असेल असं नाही, खालचा अडथळा वर जाणवू शकतो. पण वरचा अडथळा सहसा इतका खाली जाणवत नाही. हिमोग्लोबिन तपासायला हरकत नाही, वजन उतरलंय तर तपासायलाच पाहिजे. आणि वहिनी, असा पडदा असलेल्यांना पुढं वरच्या भागात कॅन्सरचा धोका थोडा जास्त असतो, तेव्हा अधूनमधून दाखवत राहा.

टिळकवाडीचे_काका

मी रेडिओग्राफर. आता रिटायर, पण आयुष्य एक्स-रेच्या खोलीत गेलं. बेरियमबद्दल लिहायला बसलो ते लांबणार, चहा घेऊन वाचा.

पहिलं विषाचं. शहापूरवाल्या भावानं अर्धं बरोबर वाचलंय. उंदराच्या औषधातलं ते बेरियम कार्बोनेट. पोटातल्या आम्लात ते विरघळतं आणि रक्तात जातं, म्हणून विष. आम्ही पाजतो ते बेरियम सल्फेट. ते पाण्यात विरघळत नाही, आम्लातही नाही. पांढरी भुकटी जशी आत गेली तशी शौचावाटे बाहेर. एक-दोन दिवस शौचाला पांढरट होईल, ते बघून घाबरू नका. पाणी भरपूर प्यायला लावा, नाही तर आत घट्ट होऊन बसतं. एवढाच त्रास. चव खडूसारखी लागते, आमच्याकडं कधी थोडं फ्लेवर घालायचे.

हिंडलग्याच्या पोराची वेगळी टेस्ट झालीय रे बाबा. ती लहान आतड्याची, बेरियम आतड्यात पुढं सरकायची वाट बघायलाच तेवढे तास लागतात. ताईंची फक्त गिळण्याची. खोलीत गेल्यापासून बाहेर येईपर्यंत अर्धा तास धरा.

आता पेशंटची तयारी. सगळ्यांना रात्रीपासून उपाशी या म्हणतात. पण आईंच्या छातीत जुनं अन्न साठून असतं. आदल्या दिवशी दुपारनंतर फक्त पातळ द्या, ताक, पेज, सूप, आणि मग रात्रीपासून उपास. नाही तर बेरियम भातात मिसळतं आणि फोटोत चट्टे चट्टे दिसतात, मग बघणारा म्हणतो गाठ आहे की काय. गळ्यातलं मंगळसूत्र घरी ठेवून या, काढायला तिथं रडारड होते.

आणि रात्रीचा खोकला! खोलीत गेल्या गेल्या ते आधी सांगायचं. कोण विचारेल म्हणून थांबायचं नाही. घोट श्वासनलिकेत जायची भीती असेल तर आम्ही आधी एक छोटा घोट देऊन बघतो. काही ठिकाणी बेरियमऐवजी पातळ आयोडीनचं औषध वापरतात. पण त्यातला जुना दाट प्रकार फुप्फुसात गेला तर बेरियमपेक्षा वाईट, फुप्फुसात पाणी भरतं. ते कुठलं वापरायचं हे रेडिओलॉजिस्ट ठरवतील, तुम्ही फक्त खोकला सांगा. नळी फाटल्याचा संशय असेल तर मात्र बेरियम आधी वापरत नाहीत.

मलप्रभाकाठची

काका, इतकं कुणीच सांगितलं नव्हतं. आईला वाचून दाखवलं. मंगळसूत्राचं ऐकून हसली. आत नेमकं काय करतात?

टिळकवाडीचे_काका

बघा की. कुठं करताय यावर आहे. काही ठिकाणी बेरियम पाजतात, दोन-तीन प्लेट काढतात आणि रिपोर्ट देतात. तसली टेस्ट करून घेऊ नका, पैसे वाया. फोनवर एवढंच विचारा, ‘फ्लुरोस्कोपीखाली करता का, आणि टाइम्ड करता का?’ फ्लुरोस्कोपी म्हणजे एक्स-रेचा चालता व्हिडिओ, गिळताना घास कसा जातो ते डोळ्यांसमोर दिसतं.

आधी उभं करून टाइम्ड करून घेतात. साधारण १०० ते २०० मिली पातळ बेरियम, पेशंटला झेपेल तेवढं, अर्ध्या ते एका मिनिटात प्यायला लावायचं. मग त्याच जागी उभं ठेवून १, २ आणि ५ मिनिटांनी फोटो. चांगल्या माणसाची नळी पहिल्या मिनिटाच्या आतच जवळजवळ रिकामी होते. अकलेशियात बेरियमचा खांब तसाच उभा. खालच्या टोकापासून वरपर्यंत तो किती सेंटीमीटर आहे ते मोजायचं. १ मिनिटाला ५ सेंटीमीटरहून जास्त आणि ५ मिनिटांनी २ सेंटीमीटरहून जास्त राहिला तर अकलेशियाकडं बोट जातं. किती मिली पाजलं ते रिपोर्टवर लिहून घ्या! आमच्यातलेच लोक लिहीत नाहीत. उपचारानंतर परत हीच टेस्ट होते, तेव्हा तेवढंच पाजलं तर दोन्हींची तुलना करता येते, नाही तर काय उपयोग?

मग पालथं, जरा तिरकं झोपवायचं आणि एक एक घोट द्यायचा, दोन घोटांत अर्धा मिनिट थांबून. उभं असताना पाणी स्वतःच्या वजनानंही खाली जातं, त्यात लाट आहे की नाही कळत नाही. आडवं केलं की लाटेशिवाय घोट जाणारच नाही. हा भाग घाईत गाळतात. पेशंट नीट असेल तर आग्रहानं करून घ्या. आईंच्या बाबतीत मात्र खोकल्यामुळं आडवं करायचं की नाही, किती, हे तिथला डॉक्टर बघेल.

शेवटचं म्हणजे घट्ट घास. नळी २ सेंटीमीटरवरून सव्वापर्यंत बारीक झाली तरी पातळ बेरियम सुळकन जातं आणि फोटो नॉर्मल वाटतो. म्हणून १३ मिलिमीटरची बेरियमची गोळी देतात. ती आमच्याकडं कधी मिळायची नाही, मग ब्रेडचा तुकडा बेरियममध्ये बुडवून द्यायचो. एका आजींनी पदरातनं भाकरी काढली, म्हणाल्या ब्रेड मला कधीच अडकत नाही, ही अडकते, ही बुडवा. बुडवली, आणि अडकली बरोबर. रेडिओलॉजिस्ट साहेबांनी नंतर पेशंटला घरून भाकरी आणायला सांगायला सुरुवात केली.

शहापूर_गल्ली

काका, भाकरीची गोष्ट भारी. म्हणजे माझं शाळेतलं वाचन अगदीच वाया नाही गेलं. फोटोत व्रणानं नळीला आलेलं पक्कं आकुंचन आणि अकलेशिया वेगळं कसं ओळखतात? दोन्हीत खाली बारीकच दिसणार ना?

टिळकवाडीचे_काका

बारीक दिसतं, पण कसं बारीक ते बघायचं. अकलेशियात वर नळी फुगलेली, खाली गुळगुळीत निमुळती होत जाते, त्याला पक्ष्याची चोच म्हणतात. आणि थांबून बघितलं तर मधेच ती चोच क्षणभर उघडते, थोडं बेरियम पिचकारीसारखं पोटात सुटतं, परत बंद. पक्कं आकुंचन असेल तर तेवढीच बारीक वाट कायम राहते, उघडत नाही आणि मिटतही नाही. गाठ असली की कडा ओबडधोबड, एका बाजूनं जास्त, वरच्या टोकाला खांद्यासारखा पायऱ्यांचा उंचवटा. पोटात हवेचा फुगा दिसतो का तेही बघतो, अकलेशियात बहुतेक दिसत नाही.

हे सगळं स्पष्ट असेल तेव्हा. अध्येमध्ये असेल तर मी कशाला खोटं सांगू, मोठमोठे साहेब वाद घालायचे.

डॉ_कृष्णाकाठ

काकांनी लिहिलं त्यात एक भर. ती बारीक झालेली जागा लांब असेल, साडेतीन सेंटीमीटरहून जास्त, आणि वरची नळी त्या मानानं फारशी फुगलेली नसेल, तर अण्णांची शंका मी परत काढतो. आणि दुसरं, बेरियम नॉर्मल आला म्हणून अकलेशिया नाहीच असं ठरवायचं नाही. सुरुवातीला नळी अजून फुगलेली नसते. पक्कं सांगते ती मॅनोमेट्री, नळीतला दाब मोजायची तपासणी.

बेकवाडची_सून

आमच्या नात्यात एकाला हेच होतं, मिरजेला नेलं. त्याला फुगा घालून ताणलं. दोन वर्षं बरा होता, आता परत अडकायला लागलंय. मग उपयोग काय झाला? आणि आपल्याकडं सरकारी आरोग्य योजनेच्या कार्डाचा घोळ. कर्नाटकाचं कार्ड महाराष्ट्रात चालत नाही म्हणतात, महाराष्ट्राच्या योजनेत सीमाभागातली ८६५ गावं घेतलीत म्हणतात, प्रत्यक्ष खिडकीवर गेलं की दुसरंच सांगतात.

निपाणीकर_अण्णा

कार्डाचं बोलू नका वहिनी, त्यावर वेगळा धागा होईल आणि मारामारी होईल. आधी ज्या हॉस्पिटलात जायचं तिथल्या योजनेच्या खिडकीवर गावाचं नाव सांगून विचारा, एवढंच सांगतो.

मलप्रभाकाठची

झाली टेस्ट. काकांनी सांगितलेले प्रश्न फोनवर विचारले. एका ठिकाणी बाई म्हणाल्या, ‘टाइम्ड म्हणजे काय? आमची टेस्ट टायमावरच असते.’ दुसरीकडं करून घेतली.

रिपोर्टमधलं लिहिते. बेरियम १५० मिली, उभं राहून. खांबाची उंची १ मिनिटाला १५ सेंटीमीटर, २ मिनिटांना १४, ५ मिनिटांनी १२. नळीची जास्तीत जास्त रुंदी साडेचार सेंटीमीटर. खालचं टोक गुळगुळीत निमुळतं, मधूनच थोडं उघडताना दिसलं. बारीक भाग आखूड. कडा नीट. पोटात हवेचा फुगा नाही. तिरकं झोपवून दोनच घोट दिले, खोकला आला म्हणून थांबवलं, पण लाट दिसली नाही असं लिहिलंय. ब्रेड दिला नाही, म्हणाले आता गरज नाही. हिमोग्लोबिन १०.४ आहे.

भाऊ बरोबर होता, त्याला पडद्यावर दाखवलं. पाच मिनिटं पांढरा खांब तसाच उभा होता, तो नुसता बघत बसला. परत पैशाचं काही बोलला नाही.

डॉ_कृष्णाकाठ

चांगला रिपोर्ट आहे, म्हणजे चांगला लिहिलेला. ५ मिनिटांनी २ सेंटीमीटरच्या जागी १२. बारीक भाग आखूड, गुळगुळीत, वरची नळी चांगली फुगलेली. अण्णा, तुमच्या शंकेच्या विरुद्ध बाजूला पारडं बरंच झुकलं. एंडोस्कोपीत काही नव्हतं हे त्यासोबत धरा. तरी पोटविकारतज्ज्ञांनी सीटी सांगितला तर करून घ्या, वजन फार उतरलंय.

यापुढं मॅनोमेट्री. नाकातून एक बारीक नळी घालून प्रत्येक घोटाला कुठं किती दाब येतो ते मोजतात. अकलेशियाचे तीन प्रकार त्यात कळतात. हे नुसतं नाव द्यायला नाही, उपचार त्यावर ठरतो. दुसऱ्या प्रकाराचे पेशंट कुठल्याही उपचारानं चांगले सुधारतात. तिसऱ्यात नळीच्या भिंतीला पेटके येतात, तिथं फुगा कमी पडतो.

बेकवाडच्या सूनबाईंचा प्रश्न राहिला. मेलेल्या मज्जापेशी परत येत नाहीत, त्यामुळं कुठल्याच उपचारानं लाट परत येत नाही. सगळे उपचार फक्त झडप सैल करतात. फुगा ३० मिलिमीटरचा, लागला तर पुढच्या वेळी ३५ चा. काही वर्षांनी परत लागू शकतो, हे आधी सांगायला हवं होतं. आणि नळी फाटायचा धोका शंभरात एक-दोघांना असतो, म्हणून शस्त्रक्रियेची सोय असलेल्या ठिकाणीच करायचा. दुसरा मार्ग पोटावर छोट्या छेदातून झडपेचा स्नायू कापायचा, आणि त्याच वेळी आम्ल वर येऊ नये म्हणून पोटाचा भाग थोडा गुंडाळायचा. तिसरा तोंडातून दुर्बीण घालून आतूनच तो स्नायू कापायचा, पोएम म्हणतात, जपानमध्ये २००८ साली पहिल्यांदा केलं. बाहेर व्रण नाही, पण नंतर आम्ल वर यायचं प्रमाण जास्त. कुठलं चांगलं यावर आमच्यातही एकमत नाही. आईंचं वय बघता मी फुग्यावरच थांबलो नसतो, पण ते मॅनोमेट्री बघणारे ठरवतील.

टिळकवाडीचे_काका

तुमच्या नातेवाइकाला फुग्यानंतर परत टाइम्ड बेरियम केला होता का वहिनी? बऱ्याचदा पेशंट म्हणतो, ‘मी मस्त आहे’, आणि खांब तसाच उभा असतो. सवय झालेली असते, हळू खातात, पाणी पितात. असल्यांना पुढं परत त्रास होतो. खांब निम्म्यानं तरी उतरला पाहिजे.

बेकवाडची_सून

नाही केला. कुणी सांगितलंच नाही. आता विचारते.

हिंडलग्याचा_पोरगा

मग तोवर आईंनी खायचं काय? आमची आजी म्हणते मध चाटवा, घसा मोकळा होतो.

डॉ_कृष्णाकाठ

मध चाटवल्यानं झडप उघडत नाही, बिघडतही काही नाही. मऊ, पातळ, लहान घास, बसूनच, वर कोमट पाणी. रात्रीचं जेवण झोपायच्या तीन तास तरी आधी. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा घाला, नुसत्या उशा वाढवून मान वाकते, छाती नाही. आणि एक गोष्ट रात्री अपरात्री झाली तरी थांबायची नाही. घास अडकला आणि थुंकीसुद्धा गिळता येईना, लाळ बाहेर यायला लागली, तर सरळ इमर्जन्सीत न्यायचं. ताप आला, खोकल्यात धाप लागली तरी तेच, घोट फुप्फुसात गेलेला असू शकतो. पित्ताच्या गोळ्यांचं डॉक्टरांना विचारा, अकलेशियावर त्यांचा उपयोग नाही, पण मधेच स्वतः बंद करू नका.

निपाणीकर_अण्णा

मॅनोमेट्री आपल्याकडं होते का हो काका? की हुबळी, पुण्याला जायला लागतं?

टिळकवाडीचे_काका

माझ्या वेळी इथं नव्हती. आता मोठ्या हॉस्पिटलात असेल, फोन करून विचारायचं, आणि ‘हाय रिझोल्यूशन’ आहे का तेही विचारायचं. सीडी आणि एंडोस्कोपीची फाइल सोबत न्या. बेरियमची फिल्म दिली नाही तर मागून घ्या, नुसता रिपोर्टचा कागद पुढच्या डॉक्टरला पुरत नाही.

मलप्रभाकाठची

सीडी मिळालीय. मॅनोमेट्रीची चौकशी भाऊ करतोय, एका ठिकाणी यंत्र आहे पण बिघडलंय म्हणतात. नाकातून नळी म्हटल्यावर आई परत अडून बसलीय. भूल देतात का त्याला?

अथणीची_वहिनी

भूल देत नाहीत बहुतेक, नाकात जेल लावतात. माझी नळी वेगळी होती म्हणा. आईंचा नंबर पाठवा मला मेसेजमध्ये, मी बोलते.